सुधाताईंची लिमिट
उधारीची लिमिट मीच ठरवली होती आणि आता डोकं धरून मीच बसलो होतो.

ग्वाल्हेरजवळ आमचा भिंतींच्या रंगांचा, डिस्टेंपर-प्रायमरचा छोटा कारखाना आहे. हिशेब माझ्याकडे. गेल्या महिन्यात मालक जगदेवराव म्हणाले, "मधुसूदनराव, कोणाला किती उधार द्यायचं याचा एकदाचा कायदा करून टाका. तोंड पाहून माल देणं बंद!" केला मी कायदा. प्रत्येक डीलरची वर्षाची सरासरी बाकी काढली, तीत पाव हिस्सा मिळवला. ती त्याची लिमिट. पंचेचाळीस दिवसांची मुदत आणि सात दिवसांत पैसे देणाऱ्याला तीन टक्के सूट, हे जुनंच ठेवलं. आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले आणि स्वतःवर खूश झालो.

दिवाळीच्या तोंडावर ग्वाल्हेरच्या पडाव भागातल्या डीलर सुधाताईंची ऑर्डर आली, दोन लाख ऐंशी हजारांची. कॉम्प्युटरनं अडवली. लिमिट पंचाहत्तर हजार! त्याच दुपारी मुरारच्या संग्रामसिंहांचा माल मात्र बिनबोभाट ट्रकमध्ये चढला. हे गृहस्थ नव्वद दिवसांच्या आत पैसे देतील तर शपथ. त्यांची लिमिट दहा लाख.

मला काही कळेना. दोघांची खरेदी सारखीच, महिन्याला अडीच लाखांच्या आसपास. मी कुठे शून्य खाल्लं की काय? तीनदा तपासलं, सगळं बरोबर. आधी कॉम्प्युटरवर चिडलो, मग स्वतःवर. कायदा मोडावा तर जगदेवरावांना सांगू काय? आणि सुधाताई म्हणजे आमच्या बावीस वर्षांपासूनच्या डीलर, त्या तुटल्या तर? दोन दिवस या घोळातच गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "मधुसूदनजी, ये क्या चक्कर आहे? माझी लिमिट संपली म्हणे! अहो, मी तर सातव्या दिवशी पैसे टाकते. तीन टक्के कोण सोडेल? बाकी राहूच देत नाही मी!"

बाकी राहूच देत नाही! तेव्हा कुठे उजेड पडला. मी लिमिट बाकीवरून काढली होती, खरेदीवरून नाही. जो पैसे थकवतो त्याची बाकी फुगते, म्हणून त्याची लिमिट मोठी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"ताई, चूक माझी आहे. माल आत्ता पाठवतो."

"रहने दो. गिऱ्हाईक थांबतं का? काल दुसऱ्या कंपनीचा माल लावला दुकानात, नगद देऊन. पण एक सांगा, मी तीन महिने पैसे दिलेच नसते, तर लिमिट वाढली असती?"

वाढली असती. तसं मी त्यांना सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेवटच्या बिलाचे पैसे जमा झाले. बिलापासून सहाव्याच दिवशी, हक्काची सूट कापून, पैशापर्यंत चोख. जगदेवराव माझ्या मागे उभे राहून पाहत होते. खूश होऊन म्हणाले, "वा! डीलर असावा तर असा. यांचा दिवाळीचा माल गेला ना?"

"नाही," मी म्हणालो. "मी अडवला."