पंधरा मिनिटांची विनंती

धुळ्याच्या कचेरीतल्या निंबा शिपायाच्या मालतीनं पुण्याला मावशीकडं राहून फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या आणि ती घरी येऊन बसली. पुढं काय करावं, हे सांगणारं अख्ख्या जिल्ह्यात कोणी नव्हतं. शेवटी पुण्याच्या एका अनुवाद संस्थेत वीस वर्षं फ्रेंच अनुवाद करणाऱ्या रेगेबाईंना तिनं आठ दिवस खपून फ्रेंचमध्येच पत्र लिहिलं. 'मादाम, मी नोकरी मागत नाही. आपण या कामात कशा आलात, मी पुढं काय शिकावं, एवढंच विचारायचंय. सवडीनं पंधरा मिनिटं द्याल का?' पाकीट टपालात टाकायला तिनं बापाकडं दिलं.

तीन आठवड्यांनी जाडजूड पाकीट आलं. आत फ्रेंचमधल्या छापील ओळी: अर्ज मिळाला, जागा रिकामी नाही, सोबतची कागदपत्रं परत करत आहोत. सही संस्थेच्या कारकुनाची. बाईंपर्यंत पत्र गेलंच नसावं.

कसली कागदपत्रं? तिनं पाकीट उपडं केलं. गुणपत्रिकांच्या नकला बाहेर पडल्या. प्रत्येकीवर बापाच्या साहेबांची सही आणि गोल शिक्का.

"मीच घाली दिध्यात," निंबा कौतुकानं म्हणाला. "कागद जोडाशिवाय कोन इचारस?" तीस वर्षं कचेरीत त्यानं हेच पाहिलं होतं. "काय म्हने बाई?"

"जागा नही म्हने."

"ऱ्हाऊ दे. दुसरा कोनले लिख. साहेबनी सही लीसन अजून अकरा संच ठेल शेतस." त्यानं फडताळात ठेवलेल्या गठ्ठ्याकडं बोट दाखवलं.

मालतीनं नकारार्थी मान हलवली. दुसरं कोणी तिला ठाऊकच नव्हतं.