व्ही-पाचमधून गेलेलं वाक्य

आमच्या हॉस्पिटलात काही वाईट घडलं की त्याचा अहवाल होतो, आणि अहवाल झाला की तो माझ्या टेबलावर येतो. माझ्या दारावर ‘गुणवत्ता कक्ष’ अशी पाटी आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आत मी, एक संगणक, एक कपाट आणि खिडकीतून दिसणारी पार्किंगची भिंत.

काम सोपं आहे, असं लोकांना वाटतं. अहवालाचा पहिला मसुदा मी लिहिते. मग तो एकेकाकडे वाचायला जातो. वाचणाऱ्याने ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवूनच बदल करायचे, म्हणजे खोडलेलं वाक्य पुसलं जात नाही, लाल रेघ मारून तिथेच राहतं, आणि कुणी खोडलं तेही दिसतं. शंका असेल तर बाजूला कमेंट लिहायची. फाईल परत पाठवताना नावात पुढचा आकडा आणि आपलं पद टाकायचं. बदल स्वीकारायचे की नाकारायचे ते फक्त मी करायचं, एकेक वाचून. हे नियम मीच केलेले, मीच छापून तिन्ही मजल्यांवर लावलेले. माझे यजमान म्हणायचे, तू लग्नाच्या यादीलासुद्धा आकडा घातला असतास. ते जाऊन पाच महिने झाले. तेव्हापासून मी जेवते, झोपते, कामावर येते. मुलगी फोनवर विचारते, ‘आई, ऐकतेयस ना?’ मी म्हणते, ऐकतेय. ऐकत नसते.

हा अहवाल मेडिसिन वॉर्डातल्या एका आजोबांचा होता. दुपारी दोनच्या सुमारास त्यांचं तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. ड्यूटीचे डॉक्टर आले तीन वाजता. पक्षाघाताच्या रुग्णाला तेवढा तास फार महागात पडतो. आजोबा वाचले, पण त्यांची उजवी बाजू गेली. प्रश्न एकच होता: डॉक्टरांना कळवायला उशीर झाला, की कळवूनही ते आले नाहीत? वॉर्डात त्या वेळी एकच सिस्टर होती, नोकरीला दोन वर्षं झालेली. तिची नोकरी या एका प्रश्नावर होती.

व्ही-एकमध्ये, म्हणजे पहिल्या आवृत्तीत, मी तिच्या जबाबावरून लिहिलं होतं: ‘सिस्टरने दोन वाजून दहा मिनिटांनी आणि त्यानंतर पंधरा मिनिटांनी पुन्हा ड्यूटीच्या डॉक्टरांना फोन केला, दोन्ही वेळा उत्तर मिळाले नाही. तिसरा फोन तिने आपत्कालीन पथकाला करायला हवा होता.’ मेट्रनबाईंनी वाचून एक स्वल्पविराम हलवला. ते झालं व्ही-दोन. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, बरंच काही खोडलं. ते झालं व्ही-तीन.

व्ही-तीन मी वकीलसाहेबांना पाठवलं. त्यांनी जुन्या मेलमधलं व्ही-दोन उघडलं, त्याच्यावर दोन दिवस घासाघीस केली आणि ‘अहवाल फायनल’ नावाने परत धाडलं. आकडा नाही, पद नाही. एरवी मी त्यांना फोन करून नीट सुनावलं असतं. या वेळी नुसतं बघत बसले. एक ना धड, भाराभर चिंध्या. मग दोन्ही फायली संगणकाकडून एकत्र करून घेतल्या. पडद्यावर एकशे चौदा बदल आले. तांबडे मोठ्या डॉक्टरांचे, निळे वकिलांचे. हे झालं व्ही-चार. वकीलसाहेबांचा निरोप होता, पाचपर्यंत स्वच्छ प्रत हवी. तेव्हा साडेचार वाजले होते.

मी ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’ दाबलं. सगळे बदल एकदम मान्य. मग सगळ्या कमेंट्स काढून टाकल्या. पडदा पांढरा झाला. व्ही-पाच असं नाव दिलं, पाठवलं, घरी गेले. कुणाचं वाईट करावं असं मनात नव्हतं. खरं सांगायचं तर मनात काहीच नव्हतं.

स्वच्छ प्रत कुणी वाचत नाही. मेट्रनबाईंना वाटतं डॉक्टरांनी वाचली, डॉक्टरांना वाटतं वकिलांनी, वकिलांना वाटतं मी. तिघांच्या सह्या दुसऱ्या दिवशी झाल्या. सिस्टरला एक प्रत दिली गेली आणि खुलासा लिहायला आठ दिवस.

आठव्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती आली. गणवेशात नव्हती, साध्या कपड्यांत होती. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर.

“मॅडम, खुलासा इथेच द्यायचा ना?”

“द्या. बसा. परिशिष्टात लावते.”

एक पान होतं, हाताने लिहिलेलं, अक्षर सुवाच्य. वाचणं माझं काम म्हणून वाचलं. ‘डॉक्टरांना वेळेत फोन केल्याचे मला आता खात्रीने आठवत नाही. अहवालात तशी नोंद नाही. झालेल्या उशिराची जबाबदारी माझी आहे.’ खाली सही करायची राहिली होती.

मी पुन्हा वाचलं. ते फोनचं वाक्य मी स्वतः टाइप केलेलं होतं.

“तुम्ही जबाबात तर सांगितलं होतं, दोनदा फोन केला म्हणून.”

“हो, सांगितलं होतं.” ती फोल्डरचं बटण उघडझाप करत होती. “तेव्हा वाटत होतं, केलाय. पण अहवालात नाहीये. एवढ्या मोठ्या माणसांनी तपासून, सह्या करून दिलंय. मी पहिल्या दिवशी रागावले. मग विचार करायला लागले. आजोबांचं तोंड पुसत होते, बेल वाजत होती, दुसऱ्या पेशंटची सलाइन संपली होती. फोन करायचा असं मनात आलं असेल आणि वाटलं असेल केला. होतं ना असं?”

“होतं,” मी म्हटलं, कारण होतं.

“आईलाही तेच सांगितलंय. म्हटलं, माझंच चुकलं.”

मी व्ही-पाच उघडलं. परिच्छेद सुरू होत होता ‘सिस्टरने आपत्कालीन पथकाला फोन करायला हवा होता’ इथून. त्याच्या आधी काही नाही. वाक्य इतकं गुळगुळीत बसलं होतं, की काही काढलंय अशी शंकासुद्धा कुणाला येऊ नये. ‘तिसरा’ हा शब्दही गेला होता.

मग व्ही-तीन उघडलं. तिथे ते वाक्य होतं, अंगावर तांबडी रेघ घेऊन. शेजारी मोठ्या डॉक्टरांची कमेंट: ‘हा फक्त जबाब आहे. टेलिफोन एक्स्चेंजकडून खात्री करा. तोवर काढतो. नोंद मिळाली तर परत घ्या.’

परत कुणी घ्यायचं? मीच. दुसरं कुणी ते करूच शकत नव्हतं.

व्ही-तीन आल्यावर एक्स्चेंजकडे मीच विचारणा केली होती, आणि विसरून गेले होते. मेलमध्ये तिथल्या ऑपरेटरचं नाव शोधलं. बारा दिवसांपूर्वीचं एक पत्र ठळक अक्षरांत होतं, न उघडलेलं. म्हणजे व्ही-पाच पाठवलं त्याच्या तीन दिवस आधीचं. उघडलं. वॉर्डातून ड्यूटीच्या डॉक्टरांच्या खोलीत, दोन वाजून दहा मिनिटं, उत्तर नाही. दोन वाजून चोवीस मिनिटं, उत्तर नाही.

मला पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी झालं. रडू नव्हे. लाज वाटली. आपल्यातलं काही शिल्लक आहे हे कळायला असा मुहूर्त मिळावा, याचा रागही आला.

मी पडदा तिच्याकडे वळवला.

“हे वाचा. हे जे तांबडं आहे ते.”

ती वाचत होती. ओठ हलत होते.

“खोडलंय,” ती म्हणाली.

“खात्री होईपर्यंत खोडलं होतं. खात्री झाली होती. हे पत्र बघा, माझ्याकडे पडून होतं. बदल एकेक वाचून मान्य करायचे असतात. मी सगळे एकदम केले. हे माझ्याकडून गेलं.”

ती ऑपरेटरचं पत्र बराच वेळ बघत राहिली.

“म्हणजे मी केला होता फोन?”

“दोनदा.”

मी तिच्यासमोरच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून त्यांचा तो समजावणीचा सूर आला.

“अहो, सह्या झाल्यात. आता नवीन व्हर्जन काढायचं म्हणजे पुन्हा सगळ्यांना फिरवा, पुन्हा वकील. त्यापेक्षा तिच्या खुलाशात येऊ दे ना फोनचं. चौकशी समिती काय ते बघेल.”

“तिच्या खुलाशात आलं तर तो तिचा दावा होईल, साहेब. ही नोंद आहे. अहवालातच हवी.”

“आणि काढलं कुणी म्हणून सांगणार?”

“खोडलं तुम्ही, कमेंट लिहून. मान्य केलं मी, न वाचता. दोन्ही लिहिणार.”

ते म्हणाले, “बघा, तुमची मर्जी.” उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाचं हे नेहमीचं वाक्य.

मी व्ही-पाचची प्रत काढली, नाव दिलं व्ही-सहा, ट्रॅक चेंजेस चालू केलं. वाक्य परत घातलं, ‘तिसरा’ हा शब्द परत घातला. दोन्ही माझ्या नावाने रंगून उमटले. पंधरा मिनिटांची चौदा केली. ऑपरेटरचं पत्र परिशिष्टात जोडलं. पहिल्या पानावर आवृत्त्यांचा तक्ता असतो, त्यात शेवटची ओळ लिहिली: ‘व्ही-पाचमध्ये हे वाक्य माझ्या निष्काळजीपणामुळे गळले.’ निष्काळजीपणा हा शब्द लिहायला बोटं जरा अडली. नजरचूक लिहिता आलं असतं. पण चुकायला नजर आधी टाकावी लागते.

सिस्टर उठली नव्हती. तिने आपलं पान फोल्डरमध्ये परत घातलं. ती आभार मानेल असं मला क्षणभर वाटलं, आणि तसं वाटलं याचीही लाज वाटली.

“मॅडम, ते सगळे एकदम मान्य करायला किती वेळ लागतो?”

“एक क्लिक.”

तिने मान हलवली, एखाद्या पेशंटने ताप किती ते सांगितल्यावर हलवावी तशी.

“मला आठ दिवस लागले,” ती म्हणाली. “मी फोन केलाच नव्हता, हे मान्य करायला.”

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“आता पाठवा. मी बसलेय.”

मी एकेक बदल तिला वाचून दाखवला आणि व्ही-सहा पाठवलं.