पंधरा दिवसांची गोळी

गोदावरीबाईंनी पस्तीस वर्षं पोरांची अक्षरं सुधारली, पण डॉक्टरांना एक पत्र लिहायला त्यांना तीन दिवस लागले. लिहिता लिहिता डोळाच लागायचा.

दवाखान्यात त्यांना बोलता येत नसे. गर्दी एवढी की डॉक्टर नाडी बघेपर्यंत पुढचा माणूस स्टुलावर टेकलेला! आणि बाईंना भीती वेगळीच होती. चौऱ्याऐंशी साल उजाडेपर्यंत त्यांचं डोकं पार धुकटून गेलं होतं. एकेकाळी हजेरीपुस्तक न उघडता पन्नास नावं घडाघडा म्हणणारी ही बाई! नाकाडोंगरीच्या शाळेत रोज सायकलवर डबलसीट सोडणारे, तीन वर्षांपूर्वी वारलेले यजमान लक्ष्मणराव मास्तर आठवायला गेलं तर सायकल दिसे, माणूस दिसेना. हे म्हातारपण की गोळ्या, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

‘डॉक्टर कृष्णराव यांस नमस्कार. मी रोज अकरा गोळ्या घेते. उठताना अंधारी येते, दिवसभर झापड असते. मनानं एकही बंद केलेली नाही. कोणती कशासाठी, हे कृपया एकदा तपासावे.’ खाली तासिकांच्या वेळापत्रकासारखा तक्ता आखून त्यांनी गोळ्या मांडल्या.

पत्र पाठवल्यावर चौथ्या दिवशी कंपाउंडर डोमा घरी निरोप घेऊन आला. दुपारी गर्दी नसताना, साऱ्या गोळ्या आणि चिठ्ठ्या घेऊन यायचं होतं.

डॉक्टरांनी रक्तदाब आधी बसवून मोजला, मग उभं करून. उभं राहताच तो उतरला. लघवीची गोळी त्यांनी अर्धी केली, ताकदीच्या तीन बंद केल्या, दाबाची मुख्य तेवढी ठेवली. मग दोन पाकिटं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली.

"बाई, ह्या दोन्ही झोपेच्याच. एक भंडाऱ्याच्या डॉक्टरची, एक माझी. माझी तं मास्तर गेले तवा पंधरा दिवसांसाठी देल्ली होती."

"तुमी बंद करा म्हटलं नाही. तुमच्या सांगण्याबिगर मी कशी बंद करू?" तीन वर्षं त्या तीच चिठ्ठी दुकानात दाखवत होत्या.

"आन मी कधी इचारलं नाही. चूक माझी हाय," डॉक्टर म्हणाले. "पण एकदम सोडाच्या नाही, तरास होते. पंधरवड्याले पाव पाव कमी करू."

पाच महिने गेले. शेवटचा पाव सुटल्यावर बाई आल्या, तेव्हा डोळे सुजून लाल झाले होते. डॉक्टर घाबरले.

"झोप नाही काय, बाई? गोळी पुन्हा चालू करू काय?"

"नोको, बाप्पा!" बाईंनी पदरानं नाक पुसलं. "आठ दिवस झाले, मास्तर सारखे आठवून राह्यले. चढावर सायकल ढकलताना धापा टाकत, तरी मले उतरू देत नोहते. ते गेले तवा मी रडलीच नोहती, डॉक्टर. आता रडू द्या मले."