उशीर कुठे होतो

आमच्या कंपनीत यासेनचं पद कागदोपत्री 'अनुभव-तज्ज्ञ' असं होतं. खरं तर नोकरीला त्याचा उजवा अंगठा होता. बाकीचा माणूस त्या अंगठ्याला रोज बसने आणून सोडायचा.

एके काळी मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये त्याच्यासमोर उभं राहायला अख्ख्या सोफिया शहरात कोणी धजत नसे. पुढे केस गेले, बायको गेली, अंगठा राहिला. तो आम्ही भाड्याने घेतला.

आम्ही विकतो तो खेळ गिऱ्हाइकाच्या घरात नसतोच. तो शहराबाहेर एका थंडगार इमारतीत आमच्या तगड्या मशीनवर चालतो. तिथे खेळाची चित्रं भराभर तयार होतात, दाबून लहान केली जातात आणि इंटरनेटवरून घरी जातात. घरातल्या जुन्या टीव्हीला किंवा मरतुकड्या फोनला कामं दोनच: आलेलं चित्र उलगडून दाखवायचं आणि कोणी बटण दाबलं की तशी वर्दी मशीनला द्यायची. सिनेमाचा पुढचा भाग आधीच आणून साठवता येतो. खेळाचं पुढचं चित्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. ते तुमच्या अंगठ्यावर ठरतं. त्यामुळे वर्दी जाऊन नवं चित्र परत येईस्तोवर जो उशीर होतो, तो लपवायला जागा नसते. थोडा असेल तर कळत नाही. जरा वाढला की आपले हात दुसऱ्याचे वाटायला लागतात. आणखी वाढला की लोक वर्गणी बंद करतात, आणि मग मात्र आमच्या संचालक मंडळालाही तो कळतो.

उशीर मोजणं हे माझं काम. रोज सकाळी मी लाइनीत गुपचूप थोडा उशीर घालायचो, किंवा घालायचो नाही. यासेन पाच मिनिटं खेळून निकाल द्यायचा. हरेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी चीज भरलेला गरम बनित्सा आणि बोझा नावाच्या आंबटगोड पेयाच्या बाटल्या आणायच्या. मी इतक्या वेळा हरलो होतो की कोपऱ्यावरची बेकरीवाली मला जावयासारखी वागवायची.

"बोयान्या, आज घातलायस. पापणी लवते ना, त्याच्या निम्म्याहून कमी," यासेन म्हणायचा, आणि ते बरोबर असायचं.

त्या वसंतात आमचं नवं खोकं बाजारात यायचं होतं. स्वस्तातलं, कुठल्याही टीव्हीला लागणारं. आमचा शेफ, म्हणजे साहेब, लाचेझार याने जाहिरातीत छापून टाकलं होतं: 'आमचा विजेता ठीक म्हणेल तेव्हाच.' शेजारी यासेनचा वर केलेला अंगठा.

आणि यासेन म्हणाला, "ठीक नाही. उशीर आहे."

मी काहीही घातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने बनित्सा आणला, खेळला, आणि पुन्हा म्हणाला, उशीर आहे. तेव्हाही मी काही घातलं नव्हतं. तो आठवडाभर आम्ही यासेनच्या पैशाने खाल्लं, आणि बुधवारनंतर चव लागेनाशी झाली.

मी बटणाला तार जोडली आणि टीव्हीच्या काचेवर प्रकाश टिपणारा डोळा चिकटवला. बटण दाबल्यापासून पडदा बदलेपर्यंत किती वेळ जातो ते असं कळतं. आकडा हिवाळ्यात होता तोच.

"तुझं यंत्र आंधळं आहे," यासेन म्हणाला.

"ते रडत तरी नाही."

"मग त्याचाच अंगठा छापा."

लाचेझारने मला आत बोलावलं. "हे बघ, लाइनीत खोट असेल तर मी खोकं थांबवतो. नसेल तर ह्या माणसाचं मला सांग. मी त्याला पगार कशाचा देतो?"

"नेमका याचाच, शेफ."

"म्हणूनच विचारतोय."

लाचेझार दुष्ट नव्हता. त्याला फक्त उत्तरं लवकर लागायची. धंदाच तसला.

सोमवारी मी एक गोष्ट केली. टेबलाखाली एक दांडगं मशीन ठेवलं, खेळ त्याच्यावरच चालू केला आणि यासेनचा रिमोट तारेने थेट त्यालाच जोडला. इंटरनेट नाही, थंडगार इमारत नाही, चित्र दाबणं-उलगडणं नाही. यापेक्षा कमी उशीर बाजारात मिळत नाही. तार टेबलाच्या कडेने नेली आणि त्याला काही सांगितलं नाही.

तो खेळला. दोनदा हरला. रिमोट खाली ठेवला.

"आजचा सगळ्यात वाईट. किती घातलास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तारेकडे, मग तार जिकडे जात होती तिकडे. वाकून टेबलाखालचं मशीन पाहिलं. मग सरळ बसला आणि पुन्हा खेळायला लागला, पण आता शत्रूला मारत नव्हता. डाव्या अंगठ्याने खेळातल्या माणसाला नुसता पुढे-मागे चालवत होता. मग उजव्याने उड्या मारायला लावल्या. पुन्हा चालवलं. पुन्हा उड्या.

"चालणं वेळेवर आहे," तो म्हणाला. "उडी उशिरा आहे."

"हं."

"दोन्ही वर्द्या एकाच तारेतून जातात ना?"

"एकाच."

"तारेला डावं-उजवं कळतं?"

"नाही कळत, यासेन."

त्याने उजवा तळहात दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या बुडाशी सगळ्यांना उंचवटा असतो. त्याच्या तिथे खळगा होता.

"महिनाभर शर्टाची बटणं लागत नाहीयेत. मी म्हटलं, नवा शर्ट आहे."

दारात लाचेझार उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे लाइन स्वच्छ आहे?" त्याने विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्याचा चेहरा पडला, पण प्रश्न सुटून गेला होता.

"स्वच्छ आहे," यासेन म्हणाला. "ठीक म्हणून लिहा. जाहिरातीत माझा अंगठा आहे."

लाचेझारने त्याला मिठी मारली, आपल्या ओळखीच्या डॉक्टरचं नाव सांगितलं, रजा भरपगारी दिली. मिठीतच त्याने दुसऱ्या हाताने खोकं सोडायचा निरोपही पाठवला.

सगळे गेल्यावर यासेनने विचारलं, "लाइन ढिली असली की आपला खेळ सांभाळून घेतो ना? वार अडवायला जरा जास्त वेळ देतो?"

"हो. उशीर मोजून तेवढी सवलत देतो."

"माझा मोजेल?"

"तो बटण दाबल्यापासून मोजतो."

"आणि त्याच्या आधीचा?"

"त्याच्या आधीचा त्याला दिसत नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मलाही नाही दिसला."

दवाखान्यातून आल्यावर त्याने सगळं नीट सांगितलं. "तुझंच काम करतात रे ते. मनगटाला विजेचा चटका देतात आणि अंगठ्यापर्यंत काय पोचतं ते बघतात. वेग ठीक आहे म्हणाले. पण नसांमधल्या तारा गळताहेत. शंभरातल्या थोड्याच उरल्यात."

"उपाय?"

"गळणं जरा हळू होईल अशा गोळ्या आहेत. हे दुखणं उजव्यावरून पुढे कुठे जाईल, विचारलं. सगळीकडे, म्हणाले."

खोकं चांगलं खपलं. ट्रामच्या थांब्यांवर अजून त्याचा अंगठा आहे, माणसाएवढा.

यासेन रोज येतो. लाचेझारने त्याला काढलं नाही. अंगठा छापलेला असताना काढणं बरं दिसलं नसतं. आता तो डाव्या अंगठ्याने माणसाला नुसता चालवतो आणि मी घातलेला उशीर ओळखतो. पूर्वीइतका बारीक ओळखतो. उन्हाळाभर मी हरलो आणि बनित्सा आणला.

परवा तो पाच मिनिटं चालवत बसला. मग आणखी पाच मिनिटं. "आज घातलायस," तो म्हणाला. "बराच."

मी काही घातलं नव्हतं.

"घातलाय," मी म्हटलं. "हरलो."

काल सकाळी बेकरीवालीकडून बनित्सा घेऊन आलो. यासेनने आपला तुकडा उचलला आणि खाल्ला. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.