वेढा मिटेना

मे महिन्यात शाळा बंद असते, म्हणून गावाने सर्व्हेअरसाहेबांना शाळेची खोली दिली होती. वडखळच्या पुढे, खाडीच्या काठावरचे ते गाव. दोन वर्षांपूर्वीच्या उधाणात बाहेरचा बांध फुटला, खांड पडली आणि खारे पाणी शेतांत शिरले. तेव्हापासून भाताच्या खाचरांत भात नव्हता, खेकडे होते.

विष्णु परांजपे कचेरीतर्फे त्या बांधाची मोजणी करायला आले होते. नव्या बांधाचा नकाशा सोमवारी सकाळी पेणला डेप्युटी साहेबांच्या टेबलावर हवा होता. तो बरोबर असला तर पुढच्या भांगेला, भरती लहान असते तेव्हा, खांड बुजवायची. नाही तर पाऊस लागणार, आणि मग दिवाळीपर्यंत कोणी खाडीकडे बघणार नाही. डेप्युटी साहेबांनी बजावून सांगितले होते, "परांजपे, वेढा मिटला नाही तर नकाशा घेऊन येऊ नका. न मिटलेल्या नकाशावर मी सही करत नाही."

वेढा म्हणजे असा. बुडीत शेतांभोवती सहा खुंट्या ठोकायच्या. प्रत्येक खुंटीवर दुर्बीण लावून आतला कोन घ्यायचा, आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत साखळीने अंतर मोजायचे. पहिल्या खुंटीवरून निघालेला हिशेब शेतांना वळसा घालून पहिल्या खुंटीवरच परत आला पाहिजे.

शनिवारी दुपारी विष्णुंनी फळ्यावर सहा कोन मांडले आणि बेरीज केली. सहा बाजूंच्या आकृतीत ती सातशेवीस अंश यायला हवी. आली सातशेएकोणीस अंश, एकोणसाठ कला, वीस विकला. चाळीस विकलांचा, म्हणजे अंशाच्या नव्वदाव्या भागाचा फरक. एवढा तर चालतोच. विष्णु खूष झाले. मनाशी म्हणाले, कोन बरोबर आहेत, संध्याकाळच्या एसटीने रोह्याला निघू, उद्या रोह्याशेजारी अष्टमी गावात घरी मेहुणीला बघायला पाहुणे यायचेत, बायको अनसूया वाट बघत असेल.

मग त्यांनी लॉग टेबल उघडले. प्रत्येक रेषा किती उत्तरेला गेली, किती पूर्वेला गेली, ते मांडले. वेढा मिटला तर दोन्ही बेरजा शून्याजवळ यायला हव्यात. उत्तरेची बेरीज आली उणे चौदा मीटर वीस, पूर्वेची उणे सव्वीस मीटर तीस.

त्यांनी पुन्हा केली. तेच आले. तिसऱ्यांदा खडू मोडला, तरी तेच आले. हिशेबातली शेवटची खुंटी पहिल्या खुंटीवर येण्याऐवजी तिच्या नैऋत्येला जवळजवळ तीस मीटरवर जाऊन पडत होती.

दारात ठमाबाई पाण्याची कळशी घेऊन उभी होती. बांधाच्या आतली पहिली खाचरे तिची.

"काय वो सर्व्हेरसाहेब, फळा पुसून पुसून पांढरा झाला. मिळला का?"

"नाही मिळत, ठमाबाई."

"मंग जमीन हरवली का काय आमची? होती ती पाण्यात गेली, उरली ती तुमच्या फळ्यावं गेली!"

विष्णुंनी पुन्हा खडू उचलला. एसटी गेली.

थोडा फरक असता तर तो सगळ्या रेषांत वाटून टाकता आला असता, तशी रीतच आहे. पण तीस मीटर वाटायचे म्हणजे चोरी. आणि तीस मीटर म्हणजे नेमकी एक साखळी! कोन जुळले आहेत, म्हणजे चूक लांबीत आहे. आणि एकाच रेषेची लांबी चुकली असेल तर वेढ्याची तूट त्या रेषेच्याच दिशेने पडते. विष्णुंनी तुटीची दिशा काढली आणि सहा रेषांच्या दिशांशी ताडून पाहिली. चार रेषा तर कुठेच जुळत नव्हत्या. दोन जुळत होत्या.

तिथेच घोडे अडले. खाडीचा बांध ईशान्येला जात होता, आणि गावाकडची जुनी वाट जवळजवळ त्याच्याशी समांतर, उलटी, नैऋत्येला येत होती. बांध एक साखळी कमी लिहिला गेला असेल तरी तूट नैऋत्येला, आणि वाट एक साखळी जास्त लिहिली गेली असेल तरी तूट नैऋत्येलाच. कागद याहून जास्त काही सांगेना.

रविवारी सकाळी त्यांनी काळुराम आणि जनू यांना बोलावले. दोघे मिठागरावर काम करणारे, मोजणीच्या दिवसांत साखळी ओढायचे. काळुराम पुढे साखळी घेऊन जायचा. त्याच्याजवळ दहा लोखंडी सुया. साखळी ताणली की टोकाशी सूई रोवायची. मागून येणारा जनू ती सूई उपटून घ्यायचा. रेषेच्या शेवटी जनूच्या हातात जितक्या सुया तितक्या पूर्ण साखळ्या.

"काळुराम, तुझी साखळी कुठेतरी चुकलीय."

काळुरामने मुंडासे मागे सरकवले. "माजी? साहेब, दर रेषेला दोगांच्या सुया तुमच्या म्होरं एकत्र केल्या. दहाच्या दहा भरल्या. भरल्या का नाय?"

"भरल्या," विष्णुंना कबूल करावे लागले.

"मंग दुर्बीणच आंधळी झाली आसंल," जनू म्हणाला. "माजी आजी पण म्हातारपणी एकाचं दोन बघायची."

बांधाच्या रेषेत खांड येत होती, तिथे ओहोटीशिवाय उतरता येत नव्हते. म्हणून सकाळी वाट मोजली. धुरळ्यात, उन्हात, भिजलेल्या सदऱ्याने. सात साखळ्या आणि वर वीस मीटर दहा. आधी लिहिलेले तेवढेच. वाट संशयातून सुटली.

दुपारी ओहोटी लागली. आता बांधच, दुसरे काही उरले नव्हते. विष्णु पलीकडच्या खुंटीवर जाऊन उभे राहिले, दुर्बिणीतून रेष सांभाळत. काळुराम आणि जनू चिखलातून गुडघाभर बरबटून आले. जनूने मूठ उघडली. आठ सुया. वर बारा मीटर चाळीस. काळुरामच्या हातात दोन. आठ आणि दोन दहा.

आधी लिहिलेले तेवढेच!

विष्णुंना वाटले, हे मोजणीचे पुस्तक आणि ही दुर्बीण खाडीत फेकावी आणि अष्टमीला जाऊन कुंडलिका नदीत बुडी मारावी. वाट बरोबर, बांध बरोबर, कोन बरोबर, आणि वेढा मिटत नाही! गावातली चार माणसे बांधावर येऊन बसली होती. ठमाबाई पण होती.

"आता काय गो करायचा?" तिने शेजारणीला मुद्दाम ऐकू जाईल असे विचारले. "पुढच्या सालीबी खेकडंच रांदायचं का?"

"ठमाबाई, गप्प बसा जरा!" विष्णु ओरडले. आणि लगेच त्यांना वाईट वाटले. तिचे काय चुकत होते?

ते खुंटीशेजारी उकिडवे बसले. माणूस एकदा चुकतो, दुसऱ्यांदा वेगळा चुकतो. दोनदा तीच चूक, तीही नेमकी एका साखळीची, म्हणजे ती चूक चुकून होत नव्हती. कोणीतरी ती दर वेळी करत होते. दुर्बिणीतून साखळीची रेष दिसते, झेंडा दिसतो, पण वाकलेल्या माणसाचे हात दिसत नाहीत. आपण एकदाही साखळीबरोबर चाललो नाही.

भरती लागायला थोडाच वेळ होता. ते उठले.

"काळुराम, परत. पहिल्या खुंटीपासून. मी तुझ्या बरोबर येतो."

"आवो साहेब, पाय बगा माजे!"

"माझेही बघ. चल."

पहिली साखळी, सूई. दुसरी, सूई. तिसरी, सूई. चौथी साखळी ताणली, तिचे टोक बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी आले. काळुरामने दगडाला हात जोडले, मग तिवराच्या झुडपाची एक काडी मोडली आणि टोकाशी मातीत खोवली. सूई त्याच्या मुठीतच राहिली. तो पुढे निघाला.

"थांब! सूई कुठे?"

"हितं नाय टोचायची, साहेब." काळुराम लहान मुलाला समजवावे तसा बोलला. "ही बांधाची आय. हिच्या आंगात लोखंड नाय टोचायचा. एकानं टोचला तवाच तर खांड गेली, आमचं म्हातारं सांगतात. आमी हितं कुदळ पन मारत नाय."

मागून जनू आला, त्याने साखळीची मूठ काडीला टेकवली. "टोक तर बराबर धरलाय, साहेब. एक बोट इकडं तिकडं नाय."

खरेच होते. साखळी काडीवरून अगदी बरोबर पुढे जात होती. फक्त काडी कोणी उपटत नव्हते आणि मोजत नव्हते. न रोवलेली सूई काळुरामच्या हातात राहायची, म्हणून दहाची गोळाबेरीज दर वेळी भरायची. ज्या बेरजेवर विष्णुंचा सगळा भरवसा, तिनेच चूक झाकून ठेवली होती.

"मला सांगितलं का नाहीस रे?"

"तुमी इचारला का? तुमी म्हनला सुया दहा भरल्या का. भरल्या."

विष्णुंना हसावे की डोके आपटावे कळेना. त्यांनी काळुरामच्या मुठीतली एक सूई काढून जनूला दिली. "काडी राहू दे आईजवळ. तिच्या बदल्यात ही तुझ्या हातात धर." पुढे चालले. पलीकडच्या खुंटीशी जनूकडे नऊ सुया होत्या.

शाळेत येऊन त्यांनी बांधाच्या रेषेत तीस मीटर घातले. उत्तरेत बारा सेंटिमीटर उरले, पूर्वेत एकोणीस. मिळून वीतभर. एवढ्या मोठ्या वेढ्यात वीतभर म्हणजे काहीच नाही. ते फळ्याकडे बघत बसले. आनंद व्हायला हवा होता, पण अंगात तेवढे त्राण नव्हते.

ठमाबाईने दारातून डोकावले. "मिळला?"

"मिळला."

"कुटं व्हता?"

"तुमच्या आईपाशी."

"मंग आदीच तिला नारळ द्यायचा ना," ती म्हणाली आणि कळशी ठेवून गेली.

सोमवारी पेणला डेप्युटी साहेबांनी नकाशा उलटसुलट पाहिला, मग चष्मा काढला. "वीतभर? चिखलात साखळी ओढून? परांजपे, खरं सांगा, आकडे बसवलेत ना?"

विष्णुंच्या कानशिलापर्यंत संताप चढला. दोन दिवस, तीनदा मोजणी, हुकलेले पाहुणे, रुसलेली अनसूया. ते कसेबसे म्हणाले, "साहेब, आताच्या एसटीने चला. साखळी तुम्ही धरा. पण चौथ्या साखळीला सूई टोचू नका, काडी लावा."

"काडी? कसली काडी?"

विष्णुंनी सगळे सांगितले. डेप्युटी साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. ते मूळचे गागोद्याकडचे, खाडीचे नव्हते, पण देवाचा दगड त्यांनाही माहीत होता. त्यांनी पेन उचलले, सही केली, आणि सहीच्या वर काही लिहून नकाशा परत दिला.

विष्णुंनी कचेरीच्या पायरीवर येऊन वाचले. 'खांड याच भांगेला बुजवावी. दगडाच्या जागी खोदू नये, बांध बाजूने वळवावा.'

म्हणजे तिथे बांधाची रेष मोडणार. म्हणजे आणखी दोन खुंट्या. म्हणजे आठ कोन, आणि बेरीज आता एक हजार ऐंशी अंश यायला हवी.

विष्णुंनी कपाळावर हात मारला आणि वडखळची एसटी पकडली.