पानाबाहेरचा मजकूर

सरांना आता जवळजवळ दिसत नाही. खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीबाहेर काय आहे ते कळत नाही. अख्खा जन्म सुतारकाम शिकवण्यात घातलेल्या माणसावर ही वेळ यावी, याचं मला खरंच वाईट वाटतं. पण म्हणून सर गोड झालेत असं कुणी समजू नये. खवट ते खवटच.

बावीस वर्षांपूर्वी त्यांचं सुतारकामाचं पुस्तक मीच टाइप केलं होतं. तेव्हा मी डीटीपीच्या दुकानात नवी होते, तोंडाने फटकळ होते आणि नोकरीची गरज होती म्हणून तोंड बंद ठेवत होते. सरांनी नऊ प्रुफं काढायला लावली. नऊ! एवढ्यात लोक घर बांधून राहायलाही जातात.

आता एका तंत्रशाळेला ते पुस्तक पुन्हा हवं होतं. मुलांना फोनवर शोधता आलं पाहिजे, वाचता आलं पाहिजे अशी त्यांची अट होती. फाइल पंधरा दिवसांत, नाहीतर यंदाच्या यादीतून पुस्तक बाद. आणि सरांची स्वतःची अट वेगळीच: "मी माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय एक अक्षर बाहेर जाणार नाही. फोन वाचेल, मी ऐकेन. मध्ये कुणी नको." पुढच्या आवृत्तीपर्यंत आपण असू की नाही, हेही त्यांनी वर ऐकवलं. त्यामुळे मी निमूट मान हलवली. ती त्यांना दिसली नाहीच.

जुनी फाइल सापडली, उघडलीही, पण आत नुसता पालापाचोळा. त्या काळचे आमचे फॉन्ट म्हणजे शुद्ध सोंग होतं. संगणकाच्या लेखी आपण इंग्रजी अक्षरंच टाइप करत असायचो, फॉन्ट फक्त त्यांच्या अंगावर मराठी कपडे चढवायचा. नव्या मशीनवर तो फॉन्टच नाही, त्यामुळे सगळी अक्षरं उघडी पडली. गंमत म्हणून मी त्यातली एक ओळ सरांच्या फोनला वाचायला दिली. फोन गंभीरपणे म्हणाला, "एल, क्यू, आर, के, जे."

"कुणाच्या पोटात दुखतंय?" सरांनी विचारलं.

"सर, तो 'सुतार' म्हणतोय."

"असा सुतार मी वर्गात बसू दिला नसता."

मग जुनं लिखाण युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, बदलणारा प्रोग्राम चालवला. त्याने बरंचसं काम केलं आणि उरलेल्यात माझा जीव काढला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. प्रोग्रामला जोडाक्षर दिसलं की तो गांगरायचा, आणि वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायची. मापांची अकरा कोष्टकं तर आम्ही तेव्हा चित्रं करून टाकली होती, त्यात मजकूर असा नव्हताच. ती छापील पुस्तक शेजारी ठेवून पुन्हा टाइप केली. बारा दिवस गेले. शेवटी सगळी पानं छापली आणि जुन्या पुस्तकाशी ओळ न ओळ ताडून पाहिली. एक चूक नाही. मग फाइलमध्ये मजकूर ज्या चौकटींत बसवलेला असतो, त्या सगळ्यांतला मजकूर फोनसाठी एकत्र काढला आणि मोठ्या ऐटीत सरांच्या घरी गेले.

बाहेरच्या खोलीत अजून त्यांचं कामाचं टेबल होतं, कडेला लाकूड पकडायचा शिकंजा लावलेला. सर खुर्चीत ताठ बसले. काकू, म्हणजे त्यांची बायको, पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बावीस वर्षांपूर्वी त्याही दुकानात यायच्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायच्या.

फोन वाचू लागला. बाईचा आवाज, एका सुरातला. रंधा झाला, पटाशी झाली, सांधे झाले. सर बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरत होते. मग तिसरं प्रकरण संपलं आणि फोन त्याच सुरात म्हणाला, "म्हाताऱ्याने सातव्यांदा तोच परिच्छेद बदलला आहे. ह्यालाच एकदा रंध्याखाली घातला पाहिजे."

ही वाक्यं माझी होती.

तेव्हाची माझी खोड! सरांवर राग आला की मी पानाच्या बाहेर, पडद्यावरच्या मोकळ्या जागेत एक बारीक चौकट काढून तिच्यात मनातलं टाइप करायची. पानाबाहेरचं छापलं जात नाही, त्यामुळे प्रुफावर काही यायचं नाही. या वेळी फाइल उघडली तेव्हा त्या चौकटी मला दिसल्याही होत्या, पण पालापाचोळ्यात पालापाचोळा. प्रोग्रामने मात्र इमानेइतबारे सगळ्यांचं मराठी केलं. मी ताडून पाहिली ती छापलेली पानं, आणि फोनला दिला तो सगळ्या चौकटींचा मजकूर. काय अक्कल!

"सर, बंद करते—"

"हात लावायचा नाही." सरांचा आवाज रंध्यासारखा आला. "पुस्तक माझं आहे. सगळं ऐकणार."

काकूंनी घडी तशीच धरून ठेवली. फोन पुढे वाचत राहिला. आणखी दोन शिव्या आल्या. सरांचा चेहरा दगड. आता हे नकार देणार, पुस्तक यादीतून जाणार आणि पापाचं खापर माझ्या डोक्यावर, असं मी धरूनच चालले.

मग आलं फुगलेल्या खणाचं प्रकरण. तंत्रशाळेला पुस्तक हवं होतं ते मुख्यतः ह्याच्यासाठी. लाकूड दमट हवेत फुगतं म्हणून खण घट्ट बसवू नका, दोन्ही बाजूंना वहीच्या पुठ्ठ्याच्या जाडीएवढी जागा सोडा. सुतारांत हे 'सरांचा पुठ्ठा' म्हणूनच ओळखलं जातं. फोनने वाचलं, "माझ्या प्रदीर्घ अनुभवानुसार," आणि प्रकरण संपवलं. लगेच पुढे म्हणाला, "कसला अनुभव? पुठ्ठ्याची गोष्ट काकूंनी सांगितली. स्वयंपाकघरातला खण अडकायचा म्हणून त्यांनीच शोधून काढली. सरांनी ऐकली आणि माझा अनुभव म्हणून टाइप करायला लावली. काकू गप्प. मला रडू आलं."

सरांनी चाचपडत फोन बंद केला. मला आठवत होतं, त्या दिवशी काकू स्टुलावरून उठून पाणी प्यायला गेल्या होत्या आणि बराच वेळ आल्या नव्हत्या.

"हे तू लिहिलंस?" सरांनी विचारलं.

"हो. आधीचंही मीच. त्याची माफी मागते. ह्याची नाही."

सर काकूंच्या दिशेने वळले. थोडे चुकीच्याच दिशेने, पण वळले. "तू कधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते," काकू म्हणाल्या. "तुम्ही नववं प्रूफ वाचत होतात."

सरांनी मान खाली घातली. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग ते मला म्हणाले, "पहिल्या पानावर हिचंही नाव टाक."

"माझं आधी," काकू म्हणाल्या.

"आधी?"

"हो. तुम्हाला कुठे दिसणार आहे?"

आता सर भडकणार असं मला वाटलं. सर मात्र हसले. पोटातून, खोकला येईपर्यंत हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "दिसणार नाही," ते म्हणाले. "ऐकू येईल ना."

मी तिथेच लॅपटॉप उघडला. आधी पानाबाहेरच्या सगळ्या चौकटी पुसल्या, मग पहिल्या पानावर काकूंचं पूर्ण नाव टाइप केलं. ते मलाही त्यांना विचारावं लागलं, याची लाज वाटली. त्याखाली सरांचं. पान फोनवर पाठवलं. फोनने आधी काकूंचं नाव वाचलं, मग सरांचं.

"पुन्हा लाव," सर म्हणाले.