सरळ हसणं

कॉलेजात असताना एका सकाळी चिमीच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. औषधांनी आणि व्यायामाने ती बरीचशी परत आली, पण पूर्ण नाही. गप्प बसली की कुणाला काही कळत नसे. हसली की मात्र उजवा गाल वर जायचा, डावा जागीच राहायचा आणि डावा डोळा आपोआप अर्धा मिटायचा.

ती कानाच्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांना श्रवणयंत्रं बसवून द्यायची. तिथले एक आजोबा सगळ्यांना सांगायचे, "यंत्र नीट चाललं की ही पोरगी मला डोळा मारते!" घरी येऊन चिमी हे सांगायची आणि पुन्हा हसायची. आई तेवढ्यापुरती मान वळवून ओटा पुसायला घ्यायची.

लग्नाच्या साइटवर चिमीचं नाव घालून वर्ष होत आलं होतं. फोटो गंभीर चेहऱ्याचा, ओळखपत्रावर असतो तसा. विचारणा जवळजवळ नव्हतीच.

"अहो आई, लोक आधी फोटो बघतात. माहिती वाचायला थांबतंय कोण?" सून म्हणाली. तिने एक ॲप शोधून काढलं होतं. त्याला चिमीचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले पंधराएक फोटो द्यायचे. ते चेहरा शिकून घेतं आणि स्टुडिओत काढल्यासारखे नवे फोटो तयार करून देतं.

"भिंत आणि कपडे बदलतील वहिनी, एवढंच ना?" चिमीने विचारलं.

"एवढंच गं."

चहा होईपर्यंत फोटो आले. एकात चिमीच्या एका हाताला सहा बोटं होती. एकात दोन्ही कानांत वेगवेगळी कानातली. "ही कोण, माझी हरवलेली जुळी बहीण?" असं म्हणत चिमी हसून लोळली. मग सुनेने पुढचा फोटो सरकवला. निळ्या कपड्यांतली चिमी खिडकीशी उभी होती आणि दात दिसतील अशी मोकळी हसत होती. दोन्ही गाल सारखे. दोन्ही डोळे उघडे.

चिमीने दिलेल्या फोटोंत ती एकातही हसलेली नव्हती. ॲपला तिचं हसणं माहीतच नव्हतं. त्याने हजारो परक्या माणसांची हसणी पाहिली होती, त्यांतलंच एक तिच्या तोंडावर बसवून दिलं.

"ही मी नाही," चिमी म्हणाली.

"तूच तर आहेस. हसतेयस फक्त." आईने फोन हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

फोटो साइटवर चढला. साइटने पडताळणी मागितली. कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे, उजवीकडे करून दाखवायची. डोळ्यांतलं अंतर, नाकाची ठेवण, हनुवटी सगळं जुळलं, आणि फोटोखाली खात्रीची हिरवी खूण आली. हसायला साइटने सांगितलंच नव्हतं.

"बघ, त्यांनीसुद्धा मान्य केलं," आई म्हणाली. तिच्या मनातली शेवटची टोचणी त्या हिरव्या खुणेने बोथट केली.

आता विचारणा येऊ लागल्या. त्यांतला एक मुलगा पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होता. घरात त्याचं नाव पडलं पाणीवाला. चिमी त्याच्याशी फोनवर बोलायला लागली आणि बोलतच राहिली. दार लोटलेलं असलं तरी तिचं हसणं स्वयंपाकघरापर्यंत यायचं.

"पाणी कितव्यांदा उकळलं आज?" सून चिडवायची.

एकदा त्याने व्हिडिओवर बोलू म्हटलं. आईनेच बाहेरून खूण केली, नको. चिमीने नेट बरोबर नसल्याचं सांगितलं. फोन ठेवून ती म्हणाली, "आई, मी त्याला सांगून टाकते."

"भेटल्यावर सांगू गं. एकदा माणसं समोरासमोर बसली की असल्या गोष्टी किरकोळ होतात. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उघडल्यावर?"

आई म्हणाली, "देव आहे." असल्या कामात देवाला ओढू नये, हे तिला कळत होतं. तरी म्हणाली.

ती माणसं रविवारी आली. पाणीवाला, त्याची आई आणि वडील. ते यायच्या आधी आई चिमीच्या खोलीत गेली आणि तिचे केस नीट करताना हळूच म्हणाली, "आज जरा बेतानं हसशील ना?"

चिमीने आरशातून आईकडे पाहिलं.

बाहेर चहा झाला. पाणीवाला बुजरा होता, पण चिमीला पाहून खुलला. कप उचलून म्हणाला, "तपासल्याशिवाय पाणी पीत नाही मी, पण आज धोका पत्करतो." सगळे हसले. चिमीने ओठ घट्ट मिटून मान खाली घातली. त्याने फोनवर ऐकलेल्या आजोबांची आठवण काढली, "तुमचे डोळा मारणारे आजोबा कसे आहेत?" फोनवर तिने गोष्ट उलटी करून सांगितली होती, हे आईला तेव्हा कळलं. चिमी म्हणाली, "बरे आहेत." त्याने आणखी एकदा प्रयत्न केला. मग त्याने कप खाली ठेवला.

निघताना त्याच्या आईने चिमीचा हात धरून तिला बाजूला घेतलं. "बाळ, खरं सांग. तुझ्यावर कुणी जबरदस्ती करतंय का? फोटोत किती गोड हसतेस. आज एकदाही हसली नाहीस."

चिमीने तोंड उघडलं. ती सांगणार होती. तेवढ्यात आई मध्ये आली. "अहो, स्वभावच शांत आहे तिचा."

संध्याकाळी निरोप आला. मुलगी आवडली, पण तिच्या मनाविरुद्ध काही करू नका, आम्ही थांबतो.

चिमी खोलीतून बाहेर आली नाही. आई देवापुढे बसली. रोजचा जप तिने कधी चुकवला नव्हता. आज ओठ हलेनात. ती उठली आणि तिने त्याच्या आईला फोन लावला. सगळं सांगितलं. आजार, ॲप, दुसऱ्याचं हसणं, केस नीट करताना टाकलेला शब्द. पोरीचा दोष नाही, तिला तुमचा मुलगा मनापासून आवडलाय, हेही.

पलीकडे त्या बाई मुलाला हळू आवाजात सगळं सांगत असल्याचं ऐकू आलं.

"ताई," त्या बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकायला जास्त जड गेलं. "तिचं हसणं वाकडं असतं तर आमचं काय अडलं असतं? माझ्या नवऱ्याचं सगळं बोलणंच वाकडं आहे. पण आता माझा मुलगा विचारतोय, तिने लिहिलेले मेसेज तरी तिचेच होते का? मी त्याला काय सांगू?"

"तिचेच होते हो. एकेक शब्द तिचा."

"असतीलही. पण ते तुम्ही सांगताय ना."



आईने फोन खाली ठेवला तेव्हा चिमी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. रडली नव्हती. आईचा फोन टेबलावर उजळलेला होता आणि त्यावर तीच निळ्या कपड्यांतली मुलगी होती. आईने तो फोटो फोनवर कधी लावला, ते चिमीला माहीत नव्हतं.

"त्यांच्यासाठी केलंस असं वाटत होतं मला," ती म्हणाली. "माझं हसणं तुलाच बघवत नव्हतं का गं, आई?"

"नाही गं, तसं नाही," असं म्हणायला आईने वर पाहिलं. आपल्या लेकीचं खरं हसणं डोळ्यांसमोर आणावं म्हणून तिने क्षणभर आठवून पाहिलं. इतकी वर्षं मान वळवलेली होती. आठवत होता तो फक्त फोटो.

चिमी उत्तराची वाट पाहत थांबली. मग आत गेली.